थकलेले भाडे आणि सहा तारखा

भाडे थकले की पहिल्यांदा बोलणे थांबते. एरवी जिन्यात भेटल्यावर ‘काय काका, कसं काय?’ म्हणणारा भाडेकरू घरमालकाची स्कूटर दिसताच दोन मिनिटे थांबून मग खाली उतरतो. फोन वाजतो, तो उचलला जात नाही. मग व्हॉट्सॲपवर एक निरोप जातो : ‘काका, थोडी अडचण आहे, लवकरच सगळे क्लिअर करतो.’ या निरोपात किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या पैशातून यांपैकी काहीच नसते. आठवड्याभराने तोच निरोप पुन्हा गेला की घरमालकाचा त्यावरचा विश्वास उडालेला असतो.

थकबाकी समान हप्त्यांत फेडण्याचा प्रस्ताव देणारे पत्र याच टप्प्यावर लिहायचे असते. ते पानभराचे असते आणि लिहायला कठीण नाही. कठीण असते ते त्याआधीचे काम, म्हणजे हिशेब. पत्र चुकले तर ते जवळजवळ नेहमी हिशेबात चुकते, भाषेत क्वचित.

हा हिशेब नीट दिसावा म्हणून एक नमुन्याचे कुटुंब घेऊ. पुण्यात धायरीला वन बीएचके, दरमहा 14,000 रुपये भाडे, 50,000 रुपये डिपॉझिट. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार 1 मे 2025 ते 31 मार्च 2026 असा. भाडे दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत द्यायचे, असे करारात लिहिलेले. जूनमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. मे आणि जूनचे भाडे वेळेवर गेले होते. जुलैचे गेलेच नाही. 18 ऑगस्टला कसेबसे 6,000 रुपये यूपीआयने पाठवले. सप्टेंबरचेही राहिले. 1 सप्टेंबरला नवी नोकरी लागली, पण पहिला पगार हातात येणार 7 ऑक्टोबरला.

आता बाकी किती? तीन महिन्यांचे 42,000, त्यातून 6,000 वजा, म्हणजे 36,000. बेरीज सरळ आहे, पण तिच्या आत एक गाठ आहे. ते 6,000 रुपये कोणत्या महिन्याचे? ऑगस्टमध्ये पाठवले म्हणून भाडेकरू ते ऑगस्टचे धरतो. घरमालकाने वहीत ते जुलैच्या नावे लिहिलेले असू शकते. भारतीय करार कायदा, 1872 यात अशा वेळेसाठी तीन कलमे लागोपाठ आहेत, 59 ते 61. पैसे देणाऱ्याने हे कोणत्या देण्यापोटी आहेत ते सांगितले असेल आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले असतील, तर ते त्याच देण्यात जमा धरायचे. देणाऱ्याने सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ठरवू शकतो. दोघांनीही ठरवले नाही, तर जुने देणे आधी फिटते.

एकूण 36,000 च्या आकड्याला याने धक्का लागत नाही, पण पुढच्या महिन्यांना लागतो. हप्ते सुरू झाल्यावर हे कुटुंब महिन्याला दोन रकमा देणार आहे : चालू भाडे आणि थकबाकीचा हप्ता. ऑक्टोबरमध्ये दोन्ही मिळून 20,000 रुपये एकदमच आणि काही न लिहिता पाठवले, तर घरमालक ते सगळे जुन्या बाकीत जमा करू शकतो. मग त्याच्या वहीत ऑक्टोबरचे भाडेही थकलेले दिसते. भाडेकरूने काटकसर करून पैसे भरलेले असतात आणि कागदावर मात्र तो चौथ्या महिन्याचाही थकबाकीदार ठरतो. म्हणून दोन रकमा दोन वेगळ्या व्यवहारांनी पाठवायच्या आणि यूपीआयच्या टिपणीत एकीसमोर ‘ऑक्टोबर 2025 भाडे’ आणि दुसरीसमोर ‘थकबाकी हप्ता 1/6’ असे लिहायचे. एवढ्या चार शब्दांनी कलम 59 भाडेकरूच्या बाजूने उभे राहते.

बाकीचा आकडा पक्का झाला की पुढचा प्रश्न हप्त्याचा. इथे बहुतेक लोक लाजेपोटी फसतात. तीन महिने थकवले, आता निदान लवकर तरी फेडू, या भावनेने 12,000 चे तीन हप्ते लिहिले जातात. या कुटुंबाच्या घरखर्चाकडे पाहू. नवऱ्याचा पगार 28,000, बायकोचा 18,000, मिळून 46,000. किराणा, दूध, गॅस, भाजी यांचे 11,000. पेट्रोल आणि बस 3,500. मुलीची फी 3,000. वीज आणि मोबाइल 1,800. गावी आईच्या औषधांना 1,200. गाडीचा हप्ता 3,200. चालू भाडे 14,000. हे सगळे 37,700 होते आणि हातात 8,300 उरतात. बारा हजारांचा हप्ता या घरातून निघू शकत नाही. तो पहिल्या महिन्यात उसनवारी करून दिला जाईल आणि दुसऱ्या महिन्यात चुकेल. वेळापत्रक दिल्यानंतर चुकलेला हप्ता हा न दिलेल्या भाड्यापेक्षा जास्त बोचतो, कारण तारीख भाडेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेली असते.

मग 4,500 चे आठ हप्ते? घराला ते सहज झेपतील. पण ऑक्टोबरपासून आठ महिने मोजले की शेवटचा हप्ता मे 2026 मध्ये जातो आणि करार 31 मार्चलाच संपतो. कोणताही घरमालक हे वेळापत्रक पाहताना पहिल्यांदा तेच मोजेल. करार संपल्यावर हा माणूस इथे नसला तर शेवटचे दोन हप्ते कोणाकडून घ्यायचे? आणि तो इथेच राहिला तर कोणत्या कराराने? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडावे लागते. न सोडल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते. म्हणजे कराराच्या पलीकडे जाणारा हप्ता घरमालकाला जोखमीचा वाटतोच, भाडेकरूलाही तो सोयीचा नाही.

ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने मिळतात. 36,000 भागिले सहा, 6,000. हातात उरणाऱ्या 8,300 मधून 6,000 गेले की 2,300 शिल्लक राहतात. एवढी फट हवीच. दिवाळी ऑक्टोबरातच आहे, पोर आजारी पडणार, गाडीचा टायर बदलावा लागणार. बायकोच्या नोकरीत दिवाळीला बोनस मिळतो, तो या हिशेबात मुद्दाम धरलेला नाही. बोनस आला तर एक हप्ता बाजूला ठेवता येतो. पण जो पैसा अजून आलेला नाही त्याच्या भरवशावर पत्रात तारीख लिहू नये.

तारीख ठरवतानाही पगाराचे दिवस समोर ठेवायला हवेत. बायकोचा पगार 1 तारखेला होतो, त्यातून 5 तारखेच्या आत चालू भाडे जाते. नवऱ्याचा पगार 7 तारखेला होतो, म्हणून हप्ता 10 तारखेला. मध्ये तीन दिवस मोकळे सोडले ते बँकेला सुट्टी लागली किंवा पगार एखादा दिवस लांबला तर असावेत म्हणून. ‘दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात’ असे मोघम लिहिण्यापेक्षा 10 तारीख लिहिली की घरमालकाला नेमके कळते की विचारणा करायची तर 11 तारखेला. तोपर्यंत त्याचा फोन येत नाही, ही भाडेकरूची सोय.

घरमालकाच्या बाजूने पाहिले तर तारखेचे महत्त्व आणखी उमगते. पुण्या-मुंबईत भाड्याने दिलेला एकच फ्लॅट असलेले कितीतरी घरमालक स्वतः त्या फ्लॅटचे कर्ज फेडत असतात किंवा पेन्शनला जोड म्हणून भाड्यावर अवलंबून असतात. सोसायटीचा मेंटेनन्स त्यांनाच भरायचा असतो. बँकेचा हप्ता ठरल्या दिवशी खात्यातून कापला जातो, भाडे आले नाही म्हणून थांबत नाही. अशा माणसाला ‘समजून घ्या’ या विनवणीचा उपयोग नसतो. कोणत्या महिन्यात त्याच्या खात्यात किती येणार, हे कळले तर तो स्वतःची व्यवस्था लावू शकतो. पत्रातली तारीख आणि रक्कम त्याच्याही कामाची असते.

आता पत्र. वरच्या हिशेबातून ते असे उतरते :

दिनांक : 1 ऑक्टोबर 2025

विषय : जुलै ते सप्टेंबर 2025 चे थकीत भाडे 36,000 रुपये सहा समान हप्त्यांत देण्याबाबत.

स. न. वि. वि.

आपल्या धायरी येथील फ्लॅटमध्ये मी 1 मे 2025 पासून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहत आहे. कराराची मुदत 31 मार्च 2026 पर्यंत आहे. मे आणि जूनचे भाडे मी वेळेवर दिले. जूनमध्ये माझी नोकरी गेल्याने त्यापुढचे भाडे थकले, याबद्दल दिलगीर आहे.

जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे भाडे दरमहा 14,000 प्रमाणे 42,000 रुपये होते. त्यापोटी 18 ऑगस्ट 2025 रोजी 6,000 रुपये यूपीआयने दिले आहेत. आज अखेर 36,000 रुपये देणे बाकी आहे. आपल्या नोंदीत यापेक्षा वेगळा आकडा असल्यास कृपया कळवावे.

1 सप्टेंबरपासून मला नवी नोकरी लागली असून पगार दर महिन्याच्या 7 तारखेला जमा होतो. ही बाकी मी पुढीलप्रमाणे देईन :

10 ऑक्टोबर 2025 : 6,000 रुपये, त्यानंतर बाकी 30,000
10 नोव्हेंबर 2025 : 6,000 रुपये, बाकी 24,000
10 डिसेंबर 2025 : 6,000 रुपये, बाकी 18,000
10 जानेवारी 2026 : 6,000 रुपये, बाकी 12,000
10 फेब्रुवारी 2026 : 6,000 रुपये, बाकी 6,000
10 मार्च 2026 : 6,000 रुपये, बाकी शून्य

हे हप्ते चालू भाड्याव्यतिरिक्त असतील. ऑक्टोबरपासूनचे भाडे करारानुसार दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत स्वतंत्रपणे देईन. ऑक्टोबरचे भाडे आजच आपल्या खात्यात जमा केले आहे. सर्व रकमा करारात दिलेल्या आपल्या बँक खात्यातच भरेन.

हप्ते वेळेवर येत असताना या थकबाकीवर वेगळे व्याज अथवा दंड आकारू नये आणि याच कारणासाठी करार रद्द करू नये, ही विनंती. काही कारणाने एखादा हप्ता राहिला आणि तो करार संपेपर्यंत दिला गेला नाही, तर तेवढी रक्कम माझ्या 50,000 रुपयांच्या डिपॉझिटमधून वळती करून घेण्यास माझी संमती आहे.

वरील वेळापत्रक मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर सही व तारीख करून ती मला परत द्यावी.

कळावे.

पत्र इथे संपते. नोकरी कशी गेली, किती अर्ज केले, घरी काय परिस्थिती होती, हे सगळे एका वाक्यात आले आहे आणि तेवढेच पुरते. कारण लांबले की पत्र बचावाचे वाटू लागते आणि वाचणाऱ्याला आकडा शोधावा लागतो. नवी नोकरी कधी लागली आणि पगार कधी होतो, ही दोन वाक्ये मात्र गाळता येत नाहीत. हप्ते कुठून येणार, याचे उत्तर तीच देतात.

पत्रासोबतच चालू महिन्याचे भाडे भरणे हा पत्राचा सर्वांत बोलका भाग. तीन महिने ज्याच्याकडून पूर्ण भाडे आले नाही त्याच्याकडून एकाच दिवशी 14,000 रुपये आणि लेखी वेळापत्रक आले, तर ते वेगळ्याच मनाने वाचले जाते. हे शक्य नसेल, म्हणजे चालू भाडेही या महिन्यात निघणार नसेल, तर हप्त्यांचे पत्र लिहायची वेळच अजून आलेली नाही. ज्या घरात चालू भाड्यापुरतीही मिळकत नाही तिथे हप्त्यांनी बाकी कमी होत नाही. ती फक्त एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात सरकते. अशा वेळी डिपॉझिटमध्ये अजून पैसे शिल्लक आहेत तोवरच घर सोडण्याचे बोलणे दोघांच्याही फायद्याचे. वरच्या उदाहरणात डिसेंबरचे भाडेही थकले असते तर बाकी 78,000 झाली असती आणि 50,000 चे डिपॉझिट तिला पुरले नसते.

डिपॉझिटचे वाक्य काहींना घातक वाटेल, पण तेच घरमालकाला होकार द्यायला तयार करते. 36,000 ची बाकी आणि 50,000 ची अनामत, म्हणजे त्याचे पैसे आजही सुरक्षित आहेत, हे त्याला शब्दांत दिसते. त्याच्या जागी पुष्कळ भाडेकरू दुसरेच काहीतरी लिहून जातात : ‘एकही हप्ता चुकला तर मी लगेच खोली खाली करीन.’ हे वाक्य लिहू नये. रागाच्या किंवा शरमेच्या भरात लिहिलेले असले तरी ते सहीखाली राहते आणि डिसेंबरच्या 10 तारखेऐवजी 13 ला पैसे गेले की समोर ठेवले जाते.

तोच धोका पुढच्या तारखांच्या चेकचा. घरमालक म्हणतो, ‘पत्र राहू दे, सहा चेक देऊन ठेव.’ चेक दिले की हप्त्याचे स्वरूपच पालटते. खात्यात पैसे नसल्याने चेक परत आला, तर चलनक्षम दस्तऐवज कायदा, 1881 च्या कलम 138 खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यावर 30 दिवसांत घरमालकाने नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर खटल्याचा मार्ग खुला होतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पगार दोन दिवस लांबणे ही साधी गोष्ट, पण चेक 10 तारखेलाच बँकेत जातो. ज्याचा पगार नवा आहे आणि ज्याला त्याच्या नियमितपणाचा अजून अनुभव नाही त्याने बँकेतून आपोआप जाणारी सूचना किंवा यूपीआय सुचवावे आणि चेक टाळावेत.

या पत्राची आणखी एक बाजू आहे. ती ठाऊक असूनच त्यावर सही करावी. हे पत्र म्हणजे कर्जाची लेखी कबुली आहे. मुदत कायदा, 1963 नुसार थकीत भाड्यासाठी दावा लावायला, भाडे देय झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. ती तीन वर्षे संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केली तर कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. तीन महिन्यांच्या बाकीला याने फारसा फरक पडत नाही. पण दुकानाच्या गाळ्याचे दोन-अडीच वर्षांपूर्वीचे भाडे वादात असेल तर पडतो. म्हणूनच जी रक्कम खरोखर मान्य आहे तेवढीच लिहायची. समजा, भाडेकरूने जुलैत पाण्याची मोटर स्वखर्चाने दुरुस्त केली आणि ते 2,400 रुपये भाड्यातून वजा व्हायचे ठरले होते. घरमालकाला ते आता आठवत नाही. तर मान्य बाकी वेगळी आणि वादाची रक्कम वेगळी अशी दोन वाक्ये करायची आणि हप्ते फक्त मान्य बाकीचे पाडायचे. वादाची रक्कम आधी मिटवू, मग हप्ते सुरू करू, असे म्हटले की महिना जातो आणि दोन्ही राहतात.

कबुली आहे म्हणूनच होकाराची सही इतकी गरजेची. नुसते पत्र पाठवले तर भाडेकरूने बाकी मान्य केली, एवढेच सिद्ध होते. घरमालकाने हप्ते मान्य केले, हे होत नाही. त्याची सही आली की करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे त्याने वसुलीची मुदत वाढवून दिली, असे दाखवता येते. व्हॉट्सॲपवर पत्राचा फोटो पाठवला आणि निळ्या टिका आल्या, म्हणजे ते पाहिले गेले. मान्य झाले असा त्याचा अर्थ होत नाही. ‘हो, चालेल, 10 तारखेला पाठवा’ असा उलट निरोप आला तर तो जपून ठेवावा, पण सही केलेल्या प्रतीची सर त्याला नाही. घरमालक परगावी असेल तर पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती ठेवावी आणि ईमेलवर होकार मागावा. घर मिळवून देणाऱ्या एजंटने ‘मी बोललोय साहेबांशी’ म्हटले तर त्यावर थांबू नये. करारात ज्याचे नाव आहे त्याचीच सही हवी.

आतापर्यंतचे सगळे लिव्ह अँड लायसन्सच्या घरांना धरून आहे, कारण आज शहरांत बहुतेक नवी घरे तशीच दिली जातात. जुन्या चाळीतले किंवा पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांची कायदेशीर जागा वेगळी आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 15 प्रमाणे भाडे थकले म्हणून घरमालकाला लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी द. सा. द. शे. 15 टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिले आणि दाव्याचा खर्च दिला, तर या कारणावरून ताबा देण्याचा हुकूम होत नाही. म्हणजे अशा भाडेकरूला मागणीची नोटीस आल्यावर दिवस मोजायचे असतात. त्याने सहा महिन्यांचे हप्ते सुचवायला हरकत नाही, पण घरमालकाने लेखी होकार दिल्याशिवाय नोटिशीचे 90 दिवस थांबतील, असे समजू नये. नोटीस हातात आली असेल तर पत्राचा मसुदा एकदा वकिलाला दाखवलेला बरा.

एक गोष्ट दोन्ही प्रकारच्या घरांत आढळते. बोलणे तुटले की पाण्याची लाइन बंद केली जाते किंवा मीटर काढला जातो. भाडे थकले असले तरी हे करता येत नाही. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी योग्य कारणाशिवाय तोडण्याला याच कायद्याचे कलम 29 मनाई करते. आणि भाडे रोखीत दिले तर पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे.

हप्त्यांची मागणी आणि माफीची मागणी यांत किती अंतर आहे, हे टाळेबंदीच्या काळात ठळक दिसले. 17 एप्रिल 2020 रोजी महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि या काळात भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नये, अशी सूचना दिली. अनेकांनी याचा अर्थ ‘भाडे माफ’ असा घेतला. सूचना पुढे ढकलण्याची होती. तीन महिने संपले तेव्हा तीन महिन्यांची बाकी उभी होतीच. जुलैत घरोघरी वाद झाले ते याच गैरसमजातून. त्याच सुमारास, 21 मे 2020 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयापुढे खान मार्केटमधल्या एका दुकानाचे प्रकरण आले. दुकानदारांनी टाळेबंदीच्या काळातले भाडे स्थगित करावे, अशी मागणी केली होती. न्यायालयाने ती नाकारली, कारण दुकान त्यांच्याच ताब्यात होते. पैसे भरण्याच्या तारखांत मात्र सवलत दिली. देणे आहे तसे राहिले, वेळ वाढला. धायरीच्या पत्रातही मागणी एवढीच आहे.

पत्र मान्य झाले तरी सहा महिने लांब असतात. डिसेंबरमध्ये मुलीला डेंग्यू झाला, असे समजू. दवाखान्यात 9,000 रुपये गेले. बोनसचे पैसे त्यात संपले आणि 10 डिसेंबरचा हप्ता निघत नाही. घरमालकाला हे 10 तारखेनंतर कळले तर पत्र मोडले. 8 तारखेला कळले तर फक्त तारीख बदलते. निरोप असा जातो : ‘काका, मुलगी आजारी असल्याने 10 तारखेचा हप्ता 28 डिसेंबरला देतो. डिसेंबरचे भाडे 5 तारखेला जमा केले आहे. आतापर्यंत दोन हप्ते दिले, बाकी 24,000. बाकीच्या तारखा तशाच.’ यात नवी तारीख आहे, चालू भाडे अडलेले नाही हे आहे आणि शिल्लक आकडा पुन्हा सांगितला आहे. 28 तारीखही हवेतली नाही, त्या दिवशी बायकोची भिशी लागणार आहे. आणि राहिलेला हप्ता जानेवारीच्या हप्त्यात मिसळून 12,000 चा करण्याचा मोह टाळला आहे. या घरातून 12,000 निघत नाहीत, हे ऑक्टोबरमध्येच मांडून झाले होते.

शेवटचा हप्ता 10 मार्चला जातो. त्या दिवशी टिपणीत ‘थकबाकी हप्ता 6/6, बाकी शून्य’ असे लिहून भाडेकरूने एक मागणी करायची : जुलै ते सप्टेंबर 2025 च्या भाड्यापोटी काहीही येणे नाही, अशा दोन ओळी घरमालकाच्या सहीने. मार्चअखेर करार संपताना डिपॉझिटच्या परताव्याचा हिशेब होतो. तिथे वीजबिल, रंगकाम, फुटलेली टाइल असे सगळे निघते. त्या दोन ओळी हातात असल्या की जुन्या थकबाकीचा विषय त्या हिशेबात पुन्हा येत नाही आणि बोलणे पुढच्या अकरा महिन्यांच्या भाड्यावर सुरू होते.